पाचवीच्या सतरंजीवर

पोरांच्या मागं, पाचवीच्या वर्गात, प्रियदर्शनी सतरंजीवर मांडी घालून बसली आणि इकडं खिडकीतनं बघणाऱ्या वैजयंतीला हसू आवरेना.

“सोजरबाई, या की लवकर! आपल्या प्रियाबाईंचं नाव घातलं बघा शाळंत.”

अंगणवाडीची मदतनीस सोजरबाई खिचडीचं पातेलं घासत होती. तशाच ओल्या हातानं येऊन तिनं बघितलं. “बसू द्या की. कुणाचं काय जातंय?”

कुणाचं काही जात नव्हतं, हे खरं. पण वैजयंतीला त्या दिवसापासनं ते खुपायला लागलं.

सोलापूरहून अक्कलकोटाकडं जाताना लागणारं हे गाव. गावात अंगणवाड्या दोन. शाळेच्या आवारातली वैजयंतीची, वरच्या वस्तीवरची प्रियदर्शनीची. दोघी सेविका. वैजयंती एक्केचाळीसची, प्रियदर्शनी तिच्याहून चारपाच वर्षांनी लहान. दोघींनी संसार सांभाळत मराठीतनं पदवी काढलेली, आणि दोघींची इंग्रजीशी दहावीनंतर गाठ पडलेली नव्हती. आता पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या होत्या. परीक्षेत मराठी, गणित-बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, आणि वर पंचवीस प्रश्नांचा इंग्रजीचा डोंगर. पर्यवेक्षिका म्हणजे गावोगावच्या अंगणवाड्या तपासणारी बाई. एकीला जागा मिळाली आणि दुसरीला नाही, तर एकीनं खुर्चीत बसायचं आणि दुसरीनं पोरांच्या वजनाचा तक्ता घेऊन तिच्यापुढं उभं राहायचं. तसं दोघींपैकी कुणी बोलत नव्हतं, पण वैजयंतीच्या डोळ्यांपुढं ती खुर्ची सारखी यायची.

सुरुवातीला त्या खुर्चीत ती स्वतःच बसलेली दिसायची. तिला दहावीला फर्स्ट क्लास, प्रियदर्शनी दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटलेली. प्रियदर्शनीचा अर्जसुद्धा वैजयंतीनंच भरून दिला होता. रविवारी दोघी एसटीनं सोलापूरला क्लासला जायच्या. क्लासमधले सर एकदम चुका शोधायच्या प्रश्नांवरच उडी मारायचे, “बेसिक तुमचं झालंच असेल.” सगळे माना हलवायचे. वैजयंतीही हलवायची. कुठल्या शब्दामागनं काय येतं याचे नियम तिनं गाईडमधनं पाठ केले, देवीच्या आरतीसारखे. पहिल्या सराव चाचणीत तिला अकरा मिळाले, प्रियदर्शनीला सात. परतीच्या एसटीत वैजयंतीनं तिला फुटाणे घेऊन दिले आणि म्हणाली, “हुतंय गं हळूहळू. मी हाय की.”

तिसऱ्या चाचणीत वैजयंतीला बारा मिळाले आणि प्रियदर्शनीला सतरा. त्या दिवशी एसटीत फुटाणे कुणीच घेतले नाहीत. वैजयंतीनं आपला पेपर पर्सच्या तळाशी घातला.

“ताई, ते पेटीवालं बरोबर आलं का तुमचं?” प्रियदर्शनीनं विचारलं. “द बॉक्स ऑफ मँगोज, मोकळी जागा, हेवी?”

“आलं की,” वैजयंती म्हणाली. आलं नव्हतं. मोकळ्या जागेच्या शेजारी आंबे दिसले, आंबे पुष्कळ, म्हणून तिनं ‘आर’ घातलं होतं.

“मी आधी तिथंच फसायची. मग पाचवीच्या गुरुजींनी इचारलं, जड काय हाय, पेटी का आंबे? पेटी. ती एकच. मग ‘इज’. कोण करतंय ते आधी धरायचं, मधलं सगळं झाकून टाकायचं.” आणि ती खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागली.

वैजयंतीला त्या गुणगुणण्याचाच राग आला.

घरी नवऱ्यानं, चन्नवीरनं, टेम्पो लावता लावता विचारलं, “किती पडले?”

“पेपरच अवघड हुता.”

“आणि प्रियाबाईस्नी?”

“तुमाला काय करायच्यात तिचे?” तिनं ताट असं आपटलं, की चन्नवीरनं “साकु, साकु, बास की” म्हणत भाकरी स्वतःच वाढून घेतली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आसपासच्या सगळ्या सेविका जमल्या होत्या. पर्यवेक्षिका मॅडम यायच्या होत्या, चहा आला होता. वैजयंतीनं कप हातात घेतला आणि हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “आमच्या प्रियाबाई पुन्यांदा पाचवीत बसल्यात, ठाऊक हाय का? दप्तर घेऊन जात्यात रोज.”

बायका खो खो हसल्या. वैजयंती प्रियदर्शनीच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो उतरायची तिनं वाट बघितली.

“व्हय, बसते की,” प्रियदर्शनी म्हणाली. “खरं तर दुसरीतच बसणार हुते, पन तिथली पोरं लई दंगा करत्यात. पाचवीतली बरी. चुकलं तर हसत्यात, पन सांगत्यात बी.”

पुन्हा हशा झाला, पण ह्या खेपेला तो तिच्या बाजूनं. दुधनीकडची एक सेविका पुढं सरकली. “मला बी घेतील का गं तुझे गुरुजी? मला ‘हॅज’ आणि ‘हॅव’च कळत न्हाय, कुणाला सांगू?” मग दुसरी बोलली, मग तिसरी. इतकी वर्षं पोटात धरलेलं अज्ञान बायकांनी चहाबरोबर बाहेर काढलं. मॅडम आल्या, त्याही म्हणाल्या, “अंगणवाडी सुटल्यावर बसा की, कोण नको म्हणतंय?”

वैजयंतीच्या कपातला चहा तसाच राहिला.

आठवड्याभरात सिद्धलिंग गुरुजींनी शाळा सुटल्यावर बायकांसाठी वेगळा तास सुरू केला. सहाजणी पाचवीची सतरंजी ओढून बसायच्या. गुरुजी एकीला उभं करायचे, “ही शी.” दोघींना उभं करायचे, “ह्या दे. आता खाणं बदला बघू.” “शी ईट्स!” “दे ईट!” “काल?” “एट!” “शी काल?” “एट!” “कालला एस न्हाय लागत, बरोबर. आता कालचाच प्रश्न करा.” “डिड शी ईट!” “शाब्बास. डिडनं काल उचलला, खाणं पुन्हा मोकळं.”

भिंतीपलीकडं वैजयंती रिकाम्या अंगणवाडीत खेळणी आवरत बसायची. आवरलेली पुन्हा आवरायची. ओठ हलवायची. गाईडमध्ये सहा नियमांत जे होतं, ते पलीकडं दोन वाक्यांत उरकत होतं. त्या बायकांना तिच्याच टोमण्यानं तिथं पोचवलं होतं, आणि तिथं जायला तोंड राहिलं नव्हतं ते तिला एकटीला.

“बाई,” सोजरबाई किल्ल्या वाजवत म्हणाली, “भिंतीला कान लावून भिंत पडंल एक दिवस. जा की.”

“मी कशाला जाऊ? मला फर्स्ट क्लास हाय.”

“मग परीक्षा त्या क्लासची हाय व्हय?”

वैजयंतीनं हातातलं खेळणं खाली ठेवलं. परीक्षा पंधरवड्यावर आली होती. तिनं पर्स उघडली, तळाचा पेपर काढला, आणि आवार ओलांडून गेली. इतकं लहान आवार ओलांडताना तिला घाम फुटला.

गुरुजींनी चष्म्यावरनं बघितलं. प्रियदर्शनीनं सरकून जागा केली. तिनं जागा करावी, हेसुद्धा वैजयंतीला झोंबलं. तरी ती बसली.

“उभं ऱ्हावा,” गुरुजी म्हणाले. “तुम्ही शी. रोज शाळेत जाता. न्हाई जात, असं सांगा.”

“शी डझ नॉट गोज.”

कुणीतरी फिसकन हसलं. प्रियदर्शनीच होती ती, लगेच तोंडाला पदर लावला. वैजयंतीचे कान तापले. दाराकडं एकदा बघून घेतलं तिनं. मग खाली बसली आणि बारा मार्कांचा पेपर प्रियदर्शनीच्या मांडीवर ठेवला.

“हसून झालं असंल तर सांग. कुटं कुटं चुकलंय?”

प्रियदर्शनीनं पेपर बघितला, मग तिच्याकडं. “ताई, मला मागं टाकायचा इचार हाय व्हय?”

“हायच.”

“मग सरका जवळ,” प्रियदर्शनी म्हणाली आणि पेन्सिल काढली.