दाताचा विमा आणि माझी दोन नावं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणी वाचणार नाही, तरी चुकून वाचलीच तर माफ करावं.

लातूरला कोचिंगच्या भागात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी अकरा मुलींचे डबे करायची आणि आमचे मालक एका होस्टेलवर वॉचमन होते. त्यांना साखरेचा आजार, महिन्याला हजारभराच्या गोळ्या. माझी उजवीकडची दाढ किडलेली होती. दवाखान्यात भरती व्हायचा विमा आमच्याकडं तीन-चार वर्षांपासून होता, पण भरती व्हायची वेळ आली नव्हती.

विम्याचे एजंट आमच्याकडंच दुपारी जेवायला यायचे. विमा नवा करायच्या वेळी ते म्हणाले, "वहिनी, यावेळी ओपीडीची जोड घ्या. डॉक्टरची फी, गोळ्या, दात, सगळं बिलावर मिळतं. दोघांचे मिळून वरचे बेचाळीसशे. वर्षाला दहा हजारांपर्यंत."

"आणि नाही लागले तर?" मालकांनी विचारलं.

"तर गेले. शिल्लक पुढच्या वर्षी जात नाही."

"म्हंजे आजारी पडायचं आगाऊ भाडं," मालक म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी सहसा बोलत नाही. चार माणसांत माझा आवाजच फुटत नाही. पण त्या दिवशी दाढ ठणकत होती. मी पदर तोंडावर धरून म्हणाले, "घेऊ की." मालक वळून माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "घे. पण पैसे तुझे तू बघ."

डब्यांच्या पैशातून एवढे निघत नव्हते. मी गावी थोरल्या जाऊबाईकडं गेले. त्यांनी धान्याच्या डब्यात लपवून ठेवलेले बेचाळीसशे मोजून दिले आणि म्हणाल्या, "आमी दात दुखला की लवंग धरतो. तू विमा धर." सगळी पोरं हसली. मीपण हसले.

पॉलिसीचे कागद आले ते इंग्रजीत. डबा खाणाऱ्यांत डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली एक मुलगी होती. तिनं वाचून सांगितलं, "काकू, काकांची साखर फॉर्मात लिहिली आहे ना, तिच्या गोळ्या या जोडीत तीन वर्षांनी धरणार. दातांना नव्वद दिवस थांबायचं. आणि कवळी, कॅप, दात पांढरे करणं यात नाही." एजंटना विचारलं तर म्हणाले, "सांगितलं होतं वहिनी, तुम्ही पोळ्या लाटत होता." खरंही असेल. पोळ्या लाटताना मला दुसरं काही ऐकू येत नाही.

म्हणजे ज्या गोळ्यांसाठी पैसे सगळ्यात जास्त जात होते, त्या तशाच राहिल्या. उरली माझी दाढ. नव्वद दिवस मी जाऊबाईंची लवंगच धरली. एका बाजूनं जेवायची. मुलींना वाटायचं काकू रुसल्या आहेत.

नव्वद दिवस झाले तसं मी देगलूरला गेले, माहेरी. लातूरला दाढेचे दुप्पट घेतात, आणि देगलूरचे दातांचे डॉक्टर आमच्याच गल्लीतले. लहानपणी मी त्यांना कडेवर घेतलेलं. खुर्चीत बसायची मला फार लाज वाटली. ते म्हणाले, "ताई, तोंड उघडा. अख्ख्या गल्लीत तुम्हीच कधी उघडलं नाही." तीन खेपांत मुळाचा उपचार झाला. त्याचे चार हजार, फोटो आणि तपासणी पाचशे, गोळ्या सातशे. कॅपचे तीन हजार वेगळे. पैसे आईनं तिच्या पेन्शनमधून भरले आणि परत घ्यायचे नाहीत म्हणाली. चिठ्ठी, शिक्क्याचं बिल, मेडिकलचं पक्कं बिल, सगळं मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलं. एजंटनी ते मुदतीत पाठवलं.

आठ दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला. डब्याच्या त्याच मुलीनं वाचला. "काकू, पेशंटचं नाव पॉलिसीतल्या नावाशी जुळत नाही म्हणतात."

मी कागद बघितले. डॉक्टरनी माझं लहानपणचं नाव लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट. त्या गल्लीत मला दुसरं नाव आहे हे कुणाला माहीतच नाही. सासरी लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव काढलं, तेव्हापासून तेच, पुढं आधारकार्डावरही तेच आलं. मी स्वतः बिल हातात घेतलं होतं, वाचलं होतं, आणि मला चूक दिसली नाही. माहेरी गेलं की मी तीच असते.

कंपनीनं लग्नाचा दाखला मागितला. दाखला नव्हता. भूकंपात सासरचं गाव पडलं, त्यानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये आमचं लग्न लागलं. कसला दाखला काढणार. घरात ताटं नव्हती, तांदूळसुद्धा शेजारच्या शेडमधल्या ताटात पसरले होते.

पुन्हा उदगीरमार्गे देगलूर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी दिवस पुरा जातो, आणि त्या दिवशीचे डबे बुडतात. डॉक्टर म्हणाले, "बिल बदलता येत नाही ताई, नंबर पडलाय. पण दोन्ही नावांची बाई एकच, असं पत्र देतो." मग लातूरला कोर्टाबाहेर बसणाऱ्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं, पाचशे रुपये. त्यांनी विचारलं, "तुम्हीच का या दोघी?" मी मान हलवली. ते म्हणाले, "तोंडानं म्हणा." मी म्हणाले.

पुन्हा मेसेज, पुन्हा कागद. वर्ष सरत आलं होतं. शेवटी बावन्नशे मंजूर झाले, कॅप सोडून. त्या मुलीनं स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातातली परात तशीच राहिली. मला वाटलं, आता जाऊबाईंचे पैसे एका दमात देईन.

पण पॉलिसी मालकांच्या नावानं, म्हणून पैसे त्यांच्या खात्यात गेले. संध्याकाळी मी विचारलं.

"ते का? गोळ्यांची उधारी होती मेडिकलवाल्याकडं. दिली."

"ते माझ्या दाताचे होते."

"माझी साखर काय शेजाऱ्याची हाय का?" ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. उधारी होतीच. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं आणि मुली पाणी पीत पीत जेवल्या.

विमा नवा करायची वेळ आली तेव्हा एजंट म्हणाले, "वहिनी, जोड सोडू नका. आणखी दोन वर्षं काढली की काकांच्या गोळ्या सुरू. सोडली तर पुन्हा पहिल्यापासून." मी बोटांवर हिशेब केला. बेचाळीसशे दिले, बावन्नशे आले. कागदावर हजाराचा फायदा. पाचशे वकिलाचे, बसभाडं, बुडालेले डबे धरले तर उलटं. माझं एकच नाव असतं आणि गोळ्या पहिल्या वर्षापासून धरल्या असत्या तर कदाचित परवडलं असतं. पुढची दोन वर्षं परत कुणाकडून आणायचे बेचाळीसशे? मालक माझ्याकडं बघत होते, मी काय म्हणते म्हणून. यावेळी मी काहीच म्हणाले नाही. जोड निघाली. भरतीचा विमा तेवढा ठेवला.

जाऊबाईंना मी डब्यांच्या पैशातून कधी पाचशे, कधी तीनशे देत गेले. त्यांनी कधी मागितले नाहीत, पण दर सणाला विचारायच्या, "दाढ काय म्हणती?" शेवटचे दोनशे मी गावी जाऊन दिले. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. म्हणाल्या, "झाले बग पुरे." मी हो म्हणाले.