केटरिंगच्या पाटीवर आईचं नाव

आधी पेंटरकाकांचं सांगते, मग बाकीचं. ते वणीत पाट्या रंगवतात, वय पासष्टच्या पुढं. त्या दुपारी त्यांनी आपला हात मध्ये घातला नसता तर ट्रे ओढायचा लोखंडी आकडा माझ्या कपाळात बसला असता.

मी चिपळूणकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा राजूरच्या खाणीवर डंपर चालवतो, त्याच्यामागं इथं आले. इथल्या बोलीत मला अजून धड भांडता येत नाही. सहा वर्षं एका बेकरीच्या काउंटरवर बसते आहे. बेकरी दोघा भावांची, आणि तिला त्यांच्या आईचं नाव आहे. ती बाई आता नाही. तिनं पहिल्या दिवसापासून भट्टीत अंडं येऊ दिलं नव्हतं. गावातल्या कुठल्याही घरानं न विचारता इथला केक खावा, एवढाच तिचा हिशोब. फोनवर मी दिवसातून कितीदा तरी एकच वाक्य म्हणायची, "आमच्या नावाचं जे आहे, त्यात अंडं नाही."

धाकट्या शेठनं केटरिंग काढायचं ठरवलं. काढण्यावर मोठ्या शेठची हरकत नव्हती, भांडण नावावर होतं. धाकटे म्हणायचे, "आईच्या नावापुढं केटरर्स लावलं का झालं. नवीन नावाले कोण वळखते इथं?" मोठे म्हणायचे, "मटन शिजव, मले काही नाही. पण आईच्या नावाखाली नाही." एकदा याच्यावरून धाकट्यांनी पिठाचा डबा भिंतीवर फेकून मारला. मोठे शेठ पिठानं पांढरे झाले.

मग मोठे डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले, आणि त्या चार दिवसांत धाकट्यांनी केळापूरकडचं एक लग्न घेतलं. आईच्या नावाचा बॅनर छापला, वाढप्यांच्या एप्रनवरही तेच नाव, बेकरीच्या डब्यावर असतं तसंच लाल अक्षरात. मला काही माहीत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूच्या आत्यांचा फोन आला. त्यांच्या सासरी अंडं चालत नाही, त्या नेहमी आमच्याकडूनच केक नेतात. "बाई, जेवण तुमच्याच नावाचं आहे ना? अंडं-बिंडं नाही ना?"

मी सवयीनं ते वाक्य म्हणून टाकलं.

लग्नात जेवणाची दोन टेबलं लागली होती, एक साधं, एक मटण आणि अंडाकरीचं. दोन्हीवर आईचं नाव. आत्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई नाव बघून अंड्याच्या टेबलाशी गेल्या, त्यांना दिसायचं कमी, वाटीत अंडं आहे ते कळलं नाही, रस्सा वाढून घेतला आणि अर्धा खाल्ला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांच्या घरचे सहा-सात जण आले. पहिल्यानं काही न विचारता शोकेसची काच काठीनं फोडली. केकवर काचा पडल्या. मोठे शेठ सकाळीच परत आले होते, डोळ्याला हिरवी पट्टी. ते हात जोडून पुढं गेले तर एकानं त्यांच्या कानशिलात दिली. पट्टी निघून लोंबायला लागली. "आईच्या नावानं इकता आन् अंडं चारता?" भट्टीवाल्यानं लांब फळी उगारली, ती हिसकावून त्याच्याच पाठीवर मोडली. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनंच सांगतलं होतं मले."

ते लोक गेले तसे धाकटे शेठ भट्टीकडून पुढं आले आणि माझ्याकडं वळले. "तुले कोणं इचारलं होतं व? काहून बोल्ली तू?" माझी वेणी हाताला गुंडाळून त्यांनी मला काउंटरवर दाबलं. दुसऱ्या हातात आकडा होता. माझ्या भावाला हाक मारावी तर तो तिकडं चिपळूणला, शेकडो कोस लांब.

पेंटरकाका भाव-पत्रक रंगवायला आले होते. शिडीवरून उतरले आणि उजवा हात मध्ये घातला. मनगटाचा आवाज मी ऐकला, सुकी काडी मोडावी तसा. काका एवढंच म्हणाले, "माहा हात मोडला बे. आता तरी सोड तिले."

धाकट्यांनी मला सोडलं तोवर मोठ्यांनी त्यांची मान धरली होती. भट्टीचं दार उघडं होतं. त्यांनी भावाचं तोंड त्या दारापर्यंत नेलं, भुवया जळाल्याचा वास आला. "बोल, आईचं नाव कोनाले इचारून लावलं?" मी, भट्टीवाला आणि दोन कामगार, आम्ही चौघांनी धाकट्यांना ओढून काढलं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. मी जायला हवं होतं, पण परक्या गावात मला तेवढं धैर्य झालं नाही.

आठवड्यानं प्लास्टर घातलेले काका आले आणि दोघा भावांना म्हणाले, "तुमी लढून राह्यले, पण गिऱ्हाइकाले कोणी इचारलं?" त्यांची जुनी पद्धत आहे. रंग लावायच्या आधी पाटी खडूनं लिहून दुकानावर टांगायची आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. त्यांनी तीन पाट्या टांगायला लावल्या, रोज एक. पहिल्या पाटीवर आईचं नाव आणि केटरर्स. दुसरीवर नुसतं 'चार चुली', केटरिंगसाठी नवं नाव. तिसरीवर 'चार चुली' मोठं आणि खाली बारीक, आईच्या नावाच्या बेकरीवाल्यांचं. लिहायचं मी, कारण त्यांचा हात गळ्यात. लोकांचं बोलणंही मीच वहीत उतरवायचं, जसंच्या तसं. एकही शब्द चुकीचा गेला तर परत आकडा उगारला जाईल असं वाटायचं.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, "आता केकमंदी बी अंडं असन काय?" दोन बायकांनी ऑर्डर रद्द केल्या. दुसऱ्या दिवशी, "हे कोन नवे?" एवढंच, पण केक मात्र रोजच्यासारखे गेले. तिसऱ्या पाटीनं धाकटे खूश होते. संध्याकाळी एका मास्तरांनी बारीक ओळ बोटानं वाचली आणि विचारलं, "म्हणजे मटणाची जबाबदारी बी बेकरीचीच ना?"

ते ऐकून धाकट्यांनी तिसरी पाटी लाथेनं तोडली. मी काउंटरखाली बसले. मोठे उठले, आणि मला वाटलं परत भट्टीचं दार. पण काका मध्ये बोलले, हळू. "तुले मटन पायजे का आईचं नाव पायजे? दोन्ही एका पाटीवर नाही मावत. साधंच जेवन देशीन, त खालची ओळ ठेव. मटन देशीन, त नाव तुहं तू कमाव."

धाकटे म्हणाले, आईचं नाव आधीच रजिस्टर आहे, वापरायला काय हरकत. मोठ्यांनी नागपूरच्या वकिलाला फोन लावला, सगळ्यांसमोर. वकील म्हणाले, तुमची ट्रेडमार्कची नोंद ब्रेड-केकची, वर्ग तीस. जेवण पुरवणं ही सेवा, वर्ग त्रेचाळीस. जुनं नाव घ्या की नवं, अर्ज वेगळाच करायचा.

धाकट्यांनी मटण सोडलं नाही. 'चार चुली' घेतलं, खालची ओळ न लावता. एप्रन हिरवे, अक्षर वेगळं, स्वयंपाकाचं शेड भट्टीपासून लांब. लग्नात नानकटाई लागली तर बेकरी आपल्या लाल डब्यातून पाठवते, आईचं नाव फक्त त्या डब्यावर. पहिल्या हंगामात त्यांना फार थोडी लग्नं मिळाली. धाकट्यांच्या शिव्या मला अजून मिळतात. आत्या परत आल्या, केक घेतला, माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आता फोनवर ते वाक्य म्हणत नाही. आधी विचारते, "केक की जेवण?"

काकांचं मनगट वाकडंच जुळलं. ब्रश धरला की वेलांटी थरथरते, मग ते पुसतात आणि परत काढतात. मी एकदा त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "जा, गिऱ्हाईक उभं आहे." नागपूरला ते हाड परत बसवता येतं असं डॉक्टर सांगतात. काका, आज तो खर्च माझ्याच्यानं होत नाही. पण एक दिवस मी तुम्हाला घेऊन जाईन, आणि ऑपरेशन होईस्तोवर तिथं बाहेर बसून राहीन.