बाबांच्या आठवणीबद्दल डॉक्टरांस

पाठांतर म्हणजेच स्मरणशक्ती, असं मानणाऱ्या लोकांत मी वाढले. कलकत्त्यातली आम्ही मराठी माणसं मूठभर. गणपतीत मंडळात जमायचं, इथल्या दह्याचा चक्का कसा बरोबर होत नाही म्हणून कुरकुरायचं, आणि कुणाच्या मुलाला किती स्तोत्रं येतात त्यावरून त्या घराची लायकी ठरवायची. एवढ्यावर आमची संस्कृती जिवंत होती. याच मंडळींनी माझ्या बाबांचा आजार तीन वर्षं टाळ्या वाजवून झाकून ठेवला.

बाबा सरकारी नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. दक्षिण बंगालातल्या नद्यांची वळणं त्यांनी तीस वर्षं काढली. आई गेल्याला बराच काळ लोटला होता. बालीगंजच्या भाड्याच्या घरात बाबा, मी, दादा, वहिनी आणि त्यांची लग्नाला आलेली मुलगी असे आम्ही राहत होतो. दादा बँकेत अधिकारी, मी मुलींच्या शाळेत शिक्षिका आणि बिनलग्नाची. तेव्हा घरात कुणाच्या शब्दाला किती वजन होतं ते वेगळं सांगायला नको.

बाबांचं बिघडत चाललं होतं ते बारीकसारीक गोष्टींत. एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारायचे. छत्रीला शब्द सापडायचा नाही, मग “ते पावसाचं” म्हणायचे. सदऱ्यावर सदरा चढवायचे. ज्या माणसाने हातातली पेन्सिल अर्धा केसभरही इकडची तिकडे होऊ दिली नाही, तो मोलकरणीला स्वयंपाकघराची वाट विचारू लागला. एकदा मला म्हणाले, “तुझी आई बाजारातून आली का गं?” मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “साठी बुद्धी नाठी. तुला काहीतरी खुसपट काढायची सवयच आहे.” मग त्याने नेहमीचं हत्यार काढलं. “गणपतीत अख्खं अथर्वशीर्ष म्हणाले, एक मात्रा चुकली नाही. मला तरी येतं का?” दादाला काहीच येत नव्हतं, हा काही बाबांच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे. पण खरं कारण वेगळं होतं. मुलीच्या स्थळाची बोलणी चालू होती, आणि आजोबा भ्रमिष्ट आहेत असं कुणाच्या कानावर गेलं असतं तर स्थळ हातचं गेलं असतं. दादाला बापाच्या डोक्यापेक्षा सोयऱ्यांचं तोंड मोठं वाटत होतं.

राहिले डॉक्टर. आमचे घरचे डॉक्टर बंगाली, वयस्क, गडियाहाटच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. माझा टायफॉइड त्यांनीच बरा केला होता, हे मी नाकारत नाही. पण बाबांना तपासायला ते येत ते खरं म्हणजे चहाला येत. नाडीवर बोटं टेकवायची आणि विचारायचं, “सुंदरबनातल्या त्या वाघाचं काय झालं होतं?” बाबा खुलायचे. ती गोष्ट त्यांना जशीच्या तशी पाठ होती, नावेतल्या माणसांच्या नावांसकट. सांगून झाली की डॉक्टर गुडघ्यावर थाप मारायचे आणि मला म्हणायचे, “तोमार बाबार मेमोरि आमार चेये भालो, मा.” बंगाल्यांत लेकीच्या वयाच्या मुलीलाही ‘मा’च म्हणतात. म्हणे वडिलांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे! मी काही बोलू लागले की बाबा समोरच बसलेले. त्यांच्यादेखत त्यांच्या चुका कशा मोजायच्या? जाताना डॉक्टर मेंदूच्या टॉनिकची चिठ्ठी लिहून द्यायचे. ते टॉनिक दिसायला मधासारखं होतं, आणि माझ्या मते मधाइतकाच त्याचा उपयोग होता.

मग ते बजबजचं झालं. बाबा सकाळी वर्तमानपत्र आणायला म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा हात धरून परत आले. तो बजबज स्टेशनातला कारकून होता. बाबा बालीगंजला गाडीत बसले होते आणि हुगळीच्या काठच्या त्या शेवटच्या स्टेशनावर उतरून दुपारपर्यंत लोकांना विचारत होते, नकाशांची कचेरी कुठल्या बाजूला? त्यांची कचेरी शहराच्या मधोमध, एस्प्लनेडच्या अंगाला होती आणि तीस वर्षं ते तिथे ट्रामने गेले होते. खिशातल्या जुन्या पोस्टकार्डावर आमचा पत्ता होता म्हणून ते घरी आले. त्यांच्या पायात चपला नव्हत्या, आणि त्या कुठे गेल्या हे त्यांना सांगता येईना. दादाने त्या भल्या माणसाला चहा पाजला आणि तो गेल्यावर म्हणाला, “नदीचा वारा खायला गेले असतील.”

त्या दिवशी मी ठरवलं की आता बोलायचं नाही, लिहायचं. पुढच्या वेळी खिशात पोस्टकार्ड नसेल तर?

शाळेतल्या एका बाईंचे यजमान डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, “नुसतं ‘विसरतात’ असं लिहू नका. म्हातारा माणूस विसरतोच, असं म्हणून कागद बाजूला पडेल. केव्हापासून, आधी काय जमत होतं, आता काय जमत नाही, आणि कशामुळे जिवाला धोका आहे, ते लिहा.” शिवाय म्हणाले, कधी रक्तात काही कमी पडलेलं असतं, कधी गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावलेली असते, अशी कारणं असली तर इलाज होतो, म्हणून तपासणी टाळू नये. त्या माणसाने पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते आमच्या डॉक्टरांना तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं. पहिल्या तीन कागदांवर मी एवढी माफी मागितली होती की आजार बापाला आहे की मला तेच कळेना. ते फाडले. चौथ्यात स्वच्छ लिहिलं: तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली, हळूहळू वाढतंय, या वर्षी फार. जुनं सगळं आठवतं, सकाळचं आठवत नाही. कपडे चढवताना क्रम चुकतो. ओळखीच्या रस्त्यावर हरवतात. बजबजची हकीकत सगळी लिहिली. शेवटी विनंती: आपण चहाला येऊ नये, तपासायला यावं. वार, महिना, आपण कुठे आहोत, हे त्यांना विचारावं. रक्तदाब, लघवी, रक्त पाहावं आणि जरूर वाटल्यास तज्ज्ञांकडे पाठवावं. खाली सही केली, आपल्या रीतीप्रमाणे संपूर्ण: माझं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव. पाकीट चिकटवून मी स्वतः कंपाउंडरच्या हातात दिलं आणि हे फक्त डॉक्टरांसाठी आहे असं दोनदा बजावलं.

रविवारी सकाळी डॉक्टर आले. हसत आले. दादा बैठकीत होता, वहिनीने चहा ठेवला. डॉक्टर बाबांसमोर बसले, कोटाच्या खिशातून माझं पत्र काढलं आणि चक्क बाबांच्या हातात दिलं. “बघा, तुमची लेक तुमच्याबद्दल काय लिहिते! तुम्हीच हिला उत्तर द्या.”

त्यांच्या मते हा मोकळेपणा होता. दोन सभ्य गृहस्थांमध्ये आडपडदा कशाला! विश्वासाने लिहिलेला कागद ज्याच्याबद्दल लिहिला त्याच्याच हातात द्यायचा आणि वर हसायचं, एवढी अक्कल माणसाला किती शिकल्यावर येते कोण जाणे. दादा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी घराची अब्रू ट्रामच्या रुळावर नेऊन ठेवली.

बाबांनी चष्मा लावला. पत्र सावकाश वाचलं, पान उलटलं, सहीपर्यंत वाचलं. सहीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. मग चष्मा काढून ते डॉक्टरांना बंगालीत म्हणाले, “बिचारा. फारच वाईट अवस्था दिसते. याला बघायला कुणी गेलं का?”

डॉक्टरांना आधी ती थट्टा वाटली. त्यांनी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

“हे कुणाबद्दल आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणी म्हातारा आहे. बजबजला हरवला होता म्हणे. तुमचा रोगी असेल.”

चहा तसाच राहिला. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच बाबांना काही विचारलं. आज वार कोणता? बाबा म्हणाले, वार काय, कचेरीचा दिवस. महिना कोणता? “तुम्ही शाळा तपासायला आल्यासारखं विचारताय,” बाबा गोड हसले आणि उत्तर चुकवून गेले. लढाई संपली का? अजून नाही, म्हणून तर रात्री दिवे झाकायचे, म्हणाले; महायुद्ध संपून कित्येक वर्षं लोटली होती. डॉक्टरांनी एक नाव आणि एक पत्ता सांगून लक्षात ठेवायला सांगितला, इकडचंतिकडचं बोलून पाच मिनिटांनी परत विचारला. पत्ता तर गेलाच होता, पण असं काही सांगितलं होतं हेही गेलं होतं.

दादाला घाम फुटला होता. “बाबा, अथर्वशीर्ष म्हणा ना,” तो म्हणाला. बाबांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, खणखणीत, एक मात्रा न चुकता. दादाने विजयी नजरेने आमच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “आज तुमचं अथर्वशीर्ष म्हणून झालं का?”

“छे! अजून आंघोळ व्हायचीय,” बाबा म्हणाले.

दादा उठून गॅलरीत गेला. त्याच्या पाठीकडे बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, उद्या रक्त न्यायला माणूस पाठवतो म्हणाले. मग आमच्याच टेबलाशी बसून मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांना चिठ्ठी लिहू लागले. लिहिताना त्यांनी माझं पत्र शेजारी ठेवलं होतं आणि त्यातल्या तारखा, हकिगती एकेक करून उतरवून घेत होते. मला म्हणाले, “मा, बाबांना एकटं बाहेर सोडू नका. रक्तात काही सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर हे बरं होणार नाही, आणि ते मी आजच सांगून ठेवतो.” माफी मागितली नाही. त्या पिढीच्या डॉक्टरांना ती येत नसे.

बाबा इतका वेळ त्यांच्या खांद्याशी उभे होते. त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, नीट घडी घातली आणि डॉक्टरांच्या पुढे धरलं.

“आधी या मुलीला उत्तर लिहा,” ते म्हणाले. “वाट बघत असेल ती. असं पत्र बापाबद्दल लिहायचं म्हणजे पोरीच्या जिवावर आलं असेल हो.”

डॉक्टर मान खाली घालूनच हो म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार करता आला नाही, दादाचाही नाही. मी बाबांच्या हातातून पत्र घेतलं आणि सांगितलं की उत्तर पोचलं तिला. बाबा म्हणाले, “बरं झालं,” आणि मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी अदबीने विचारलं, “आपण ओळखता का तिला?”