‘कोल्ड फीट’समोरची ती नोंद

वाक्प्रचारांच्या आमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रकाशकाकडची संपादक मुलगी चार दिवस माझं डोकं खाते आहे. “सर, प्रस्तावना एका पानात हवी. आणि जरा पॉझिटिव्ह.”

पॉझिटिव्ह काय लिहू? पुस्तकात डावीकडे अवयवांवरचे मराठी वाक्प्रचार, उजवीकडे त्यांच्या जवळचे इंग्रजी. मुखपृष्ठावर नाव माझं एकट्याचं. निम्म्याहून जास्त काम मात्र शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंचं. त्या नागपूरकडच्या. अवयवाला अवयव जुळवायच्या भानगडीत त्या पडत नसत. वाक्प्रचार कोणत्या प्रसंगी बोलला जातो ते बघत. ‘हात लांबवर पोचणे’समोर ‘लाँग आर्म’ लिहून खाली टीप : इंग्रजीत हा बहुधा कायद्याचा हात, आपल्याकडे ओळखीपाळखीचा. ‘पाय ओढणे’समोर ‘पुल समवन्स लेग’ नको. तिकडे ती थट्टा, इकडे माणसाला खाली खेचणं.

‘कोल्ड फीट’समोर त्यांनी ‘ऐन वेळी पाय मागे घेणे’ लिहिलं. मी खोडून ‘हातपाय गाळणे’ केलं.

“सर, हातपाय गाळतो तो संकट आल्यावर. हा तर स्वतःच ठरवलेल्या गोष्टीला कचरतो.”

“बाई, तुमच्याकडचं मराठी निराळं. पुण्यात असंच म्हणतात.”

म्हणत नव्हते. पण पुण्याच्या माणसाला हे एवढं वाक्य पुरतं.

पहिल्या आवृत्तीआधी प्रकाशकाच्या तपासणी समितीने नेमकी तीच नोंद धरली. “हे कुणी लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी कागद चाळत राहिलो. चूक बाईंची ठरली आणि पुढच्या बैठकीचं बोलावणं त्यांना गेलं नाही. छापील पुस्तकात त्या नोंदीत त्यांचेच शब्द परत आले, माझ्या नावाखाली.

गेल्या आठवड्यात वाघोलीला त्यांच्या घरी गेलो. “आता तुमचं नाव घालतो,” म्हणालो.

“इतक्या वर्षांनी? घाला, नाहीतर राहू द्या. ती नोंद कुणी बिघडवली ते मात्र लिहा, सर. त्या बैठकीतले एक गृहस्थ अजून भेटले की मला मराठी शिकवतात.”

घरी येऊन प्रस्तावनेत लिहिलं : बाईंची बरोबर नोंद मी बदलली आणि विचारल्यावर गप्प बसलो. संपादक मुलीने त्याचं केलं, ‘संपादनाच्या ओघात मसुद्यातली एक नोंद सदोष झाली होती.’ मी खोडलं. तिने पुन्हा घातलं. कसला ओघ? एक पेन होतं आणि ते माझ्या हातात होतं!

आज सकाळी मी तिला फोन केला.

“सर, स्वतःबद्दल असं कोण लिहितं?”

“मी लिहितो. वाक्य जसंच्या तसं छाप, नाहीतर माझं नाव काढ आणि पुस्तक एकट्या बाईंच्या नावावर येऊ दे.”

“मला वरती विचारावं लागेल, सर.”

“मग विचार की! मी फोन धरून बसलोय.”