मंदाबाईचा पठ्ठ्या

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात मंदाबाईच्या तोंडी कोणी लागत नसे. बाई फटकळ, पण मनाची वाईट नव्हती. फक्त पोराचा विषय निघाला की तिचे पाय जमिनीवर राहत नसत. तिचा भटू पाच वर्षांचाही नव्हता, आणि अंगात आठ वर्षांच्या पोराचा सदरा घालायचा. सासरे उखर्डू आबा त्याला बाजारच्या दिवशी मुद्दाम सोबत न्यायचे. 'आमना पठ्ठ्या शे,' म्हणून चारचौघांत त्याचे दंड दाबून दाखवायचे.

त्या उन्हाळ्यात थोरल्या जावेच्या, प्रमिलाच्या, घरात मात्र तोंडचं पाणी पळालं. सात वर्षांच्या वच्छीला आंघोळ घालताना तिला पोरीच्या मांड्यांच्या वर काळे केस दिसले. चारच, पण जाड. घामालाही मोठ्या बाईसारखा वास. प्रमिलाने तीन रात्री जेवण टाकलं. पोर आता वयात आली, शाळा सुटली, लोक काय म्हणतील, या विचारांनी ती सुकून गेली.

"अक्का, रडू नको. धुळ्याले मोठा डॉक्टर शे, पोरंसोरंना. मी येस संगे," मंदाबाई म्हणाली. जावेची खरंच दया आली तिला. आणि खोटं कशाला सांगा, त्या दयेत थोडा तोराही होता. आपल्या घरी तसलं काही नाही. भटूला कोणाजवळ ठेवायचं म्हणून तोही बरोबर निघाला.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. वच्छीला पडद्यामागे नीट तपासलं, उंची-वजन मोजलं, डाव्या हाताचा एक्स-रे पाहिला.

"ताई, मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. या वयाच्या आसपास त्या थोडं पुरुषी हार्मोन बनवायला लागतात, मुलींमध्येसुद्धा. केस आणि घामाचा वास त्यानेच. हिच्या ग्रंथी जरा लवकर जाग्या झाल्या. छाती वाढलेली नाही, उंचीने एकदम झेप घेतलेली नाही, हाडं जवळपास वयाचीच आहेत. पाळी लगेच येईल असं काही नाही. शाळा बंद करू नका. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, छाती वाढली किंवा उंची भराभर वाढली तर आधीच या."

प्रमिला ओक्साबोक्शी रडली, पण आता सुटकेने. मंदाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठायला लागली.

"हा कोणाचा?" डॉक्टरांनी भटूकडे पाहत विचारलं.

"मना! पाच पुरं व्हतीन दिवाळीले." अभिमान आवाजात मावेना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पोराच्या ओठांवरची लव, कपाळावरचे पुरळ, वच्छीशी बोलतानाचा घोगरा आवाज त्यांनी टिपला होता. "याची चड्डी काढा," ते म्हणाले.

मंदाबाईने चड्डीची नाडी सोडली. तिथले केस तिने होळीलाच पाहिले होते. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला होता, 'मर्द शे मना पोऱ्या.' तीही हसली होती. पोरीला चार केस आले तर धुळं गाठलं, आणि पोराला त्याहून कितीतरी जास्त आले तर गूळ वाटायचा तेवढा बाकी राहिला होता!

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "लिंग मोठं झालंय, पण गोट्या लहानच आहेत, या वयात असतात तशा. म्हणजे हे नेहमीचं वयात येणं नाही. हार्मोन बहुधा त्याच ग्रंथींतून येतंय, पण भलतंच जास्त." एक्स-रे आला. हाडं अकरा वर्षांच्या मुलाची होती.

"मंग वाईट काय शे? मोठा व्हई ना आखो?"

"नाही होणार, ताई. हाडं लवकर पिकली की वाढ लवकर थांबते. आज हा सगळ्यांत उंच आहे, पण पुढे सगळ्यांत ठेंगणा राहील. काहींना ही खोट जन्मापासून असते. शरीराला हवं असलेलं दुसरं एक हार्मोन ग्रंथी बनवू शकत नाहीत, मग सगळा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. तसं असेल तर गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, बहुधा जन्मभर. क्वचित गाठही असते, म्हणून सोनोग्राफी करू. आधी रक्त मुंबईला पाठवावं लागेल. आज घेऊ?"

उखर्डू आबांचा चेहरा, बाजारातली कौतुकं, सगळं मंदाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. घरी विचारून येते म्हटलं तर कोणीच परत येऊ देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"लई ल्या," ती म्हणाली आणि भटूची बाही वर सारली.

सुई पाहताच भटू उसळला. कंपाउंडरने खांदे धरले, प्रमिलाने पाय. तरी तो आवरेना. मंदाबाई त्याच्यावर वाकली, सगळं अंग टाकून त्याचा दंड धरला. तो दंड तिच्या मुठीत मावत नव्हता. इतकी ताकद पाच वर्षांच्या लेकरात नको होती, आणि याच ताकदीवर आपण दोन वर्षं मिरवलो, हे तिला तिथे कळलं. तिला लाज वाटली आणि भयंकर भीती वाटली.

"माय, सोड!" तो घोगऱ्या आवाजात ओरडला.

तिने सोडलं नाही.