ओल्या पानांचा गुरू

चंदन जळल्याचा वास आला की मला सत्तेचाळीस सालची मार्कंडेय नदी आठवते. फाळणीत घर सोडून आलेलं एक म्हातारं शीख जोडपं तेव्हा बेळगावात आमच्या शेजारी एका खोलीत राहायचं. सरदारजींनी पंजाबातून फक्त आपला ग्रंथ आणला होता, तोही डोक्यावरून. पण वाटेत नदी ओलांडताना तो भिजला होता. तरी खोलीतली एकुलती खाट ग्रंथाची, वर चादर ताणलेली, आणि ही दोघं जमिनीवर. पहाटे डोकं झाकून ते रेशमी रुमाल बाजूला करत, ग्रंथ उघडून चवरी ढाळत, संध्याकाळी त्याला पुन्हा निजवत. पुढे पानं गळायला लागली, तेव्हा त्यांनी ग्रंथाला अग्नी द्यायचं ठरवलं. आई कळवळली. "पोथी कुणी जाळतंय व्हय? ऱ्हाऊ दे की पेटीत." ते हिंदीत हळू म्हणाले, "पोथी नाही, बहेनजी. दहाव्या गुरूंनी जाताना सांगितलं, यापुढं माणूस गुरू नाही, हा ग्रंथच गुरू. गुरूचा देह थकला, तर त्याला पेटीत कसा टाकू?" मग पांढऱ्या कापडात गुंडाळलेला ग्रंथ डोक्यावर घेऊन ते अनवाणी नदीवर गेले; मागोमाग त्यांची बायको, आई आणि मी. प्रार्थना झाली, चंदन पेटलं, राख वाहत्या पाण्यात सोडली. सरदारजी घरचं माणूस गेल्यासारखे रडले. परतताना त्यांची बायको आईला म्हणाली, "आमचा मुलगा वाटेत मारला गेला. थांबता आलं नाही. त्याला अग्नीही देता आला नाही." आईनं तिचा हात धरला, घर येईपर्यंत सोडला नाही. आज मी त्या बाईच्या वयाची आहे, आणि चंदन जळतं तेव्हा मला कधीही न पाहिलेला तो मुलगाच दिसतो.