साहेबांचा आवडता फॉन्ट

टायपिंगच्या बाईंना तेवीस वर्षांत दवाखान्यातल्या कुठल्याच रोगाची किळस आली नव्हती. किळस यायची ती साहेबांनी हात लावलेल्या वर्डच्या फाईलची.

साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने जुलाब झालेल्या मुलाला घरी कसं सांभाळायचं, यावर चार पानं लिहिली होती. ती चार वाजायच्या आत दवाखान्याच्या वेबपेजवर जायला हवी होती, कारण आज सात आया मुलांना घेऊन घरी निघणार होत्या आणि औषध किती, कधी द्यायचं ते मोबाइलवर बघणार होत्या.

पानं निम्मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मराठीत, निम्मी जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टचं सगळंच सोंग. आत असतात इंग्रजी अक्षरं, वरून दिसतं मराठी. मोबाइलवर तो फॉन्ट नसला की उरतो नुसता कचरा. बाई फॉन्टचं नाव बघून तेवढाच मजकूर वेगळा काढायच्या आणि कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यायच्या.

पण सकाळी साहेबांनी अख्खी फाईल सिलेक्ट करून तिला आपला आवडता जुना फॉन्ट लावला आणि सेव्ह केली. वर म्हणाले, "आता कशी एकसारखी दिसते."

झालं. इंग्रजीत लिहिलेली औषधांची नावं कुठली आणि जुन्या फॉन्टमधलं मराठी कुठलं, हे आता कन्व्हर्टरला कळायला मार्ग नव्हता. त्याने औषधांच्या नावांचंही मराठी करून टाकलं, ज्याला ना अर्थ ना आकार. बाईंना शिसारी आली. शिकल्यासवरल्या माणसाने उघडून वाचायचेही कष्ट घेऊ नयेत?

"सिस्टर, औषधांच्या नावांचा मूळ कागद आहे का कुठे?"

"वॉर्डातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आणते."

सिस्टर एकेक औषध वाचत गेली, बाई नव्याने टाइप करत गेल्या. मग मजकूर नोटपॅडमधून नेला, म्हणजे वर्डचे फॉन्ट तिथेच गळून पडले, आणि साधाच पेजवर चिकटवला. चारला दहा मिनिटं असताना दोघींच्या मोबाइलवर अक्षर न् अक्षर ताडून झालं.

सव्वाचारला साहेबांनी थेट वर्डमधून, आपल्या त्याच जुन्या फॉन्टमध्ये, पेजच्या तळाशी एक ओळ चिकटवली: संकल्पना व मार्गदर्शन, पुढे स्वतःचं नाव, पदवीसकट. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता, तिथे ओळ झोकात दिसली. सिस्टरच्या मोबाइलवर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा उकिरडा.

"बाई, हे नीट करायचं ना?"

"औषधांना धक्का लागलाय का?"

सिस्टरने पुन्हा वरपासून वाचलं. "नाही."

"मग राहू दे. आयांना त्या ओळीचा काही उपयोग नाही."

ओळ अजून तशीच आहे. साहेब ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने दाखवतात, आपल्याच कॉम्प्युटरवर.